धागा: सगळ्या ओळी 'तो'वर संपतात. यमकाच्या कवितेचं काय करायचं?

शिवारवाट

नमस्कार मंडळी. आम्ही येळ्ळूर भागातले. मुलगी आठवीत, मराठी माध्यमात. शाळेतून 'आमच्या शिवारातला पाऊस' हा विषय दिलाय, अष्टाक्षरी लिहायची आणि यमक पाहिजेच असं बजावून सांगितलंय. तिनं अर्ध्या तासात आठ ओळी पाडल्या. अक्षरं बरोबर, यमक बरोबर, पण वाचताना कान किटतात. बाईंनी शेरा मारलाय, "तोचतोचपणा. बदल." काय बदलायचं ते मात्र सांगितलं नाही. तिच्या परवानगीनं कविता इथं देतो:

ढग काळा काळा येतो
पाऊस धो धो पडतो
ओढा फुगून वाहतो
पूल पाण्यात बुडतो
आप्पा चिखल करतो
बैल शेतात फिरतो
मी पण भिजत जातो
सर मला ओरडतो

'जातो' खाली लाल रेघ मारून 'जाते' केलंय आणि 'ओरडतो' चं 'ओरडतात'. म्हणजे तोचतोचपणा जायच्या आधी यमकच गेलं. आता ती म्हणते कविताच नको, निबंध लिहितो.

सदाशिव_पेठी

दादा, कविता गोड आहे. पण मुलगी असून 'जातो'? घरात मुलीशी बोलताना तुम्हीच लक्ष द्यायला हवं.

शिवारवाट

दादा नव्हे, ताई. आमच्याकडे बायका-पोरीपण 'येतो, जातो, करतो'च म्हणतात. वर मीही 'देतो' लिहिलंय बघा. आई, आजी, पणजी सगळ्या तशाच बोलायच्या.

कुंदा_कमी_गोड

होय की. कोल्हापुरापासून बेळगावपर्यंत हेच. माझी बायको पुण्याची, लग्नानंतर वर्षभर माझ्या बहिणींकडं बघत राहायची.

व्याकरण_पक्कं

मूळ मुद्द्याकडे येऊ. क्रियापदाचं यमक हे यमकच नव्हे. मराठीत क्रियापद वाक्याच्या शेवटी येतं आणि प्रत्यय ठरलेले, त्यामुळे कुणीही बसल्या जागी शंभर ओळी पाडू शकतो. स्पर्धेत अशा कविता सरळ बाद करतात. मुलीला सांगा, ओळीच्या शेवटी क्रियापद आणायचंच नाही. प्रश्न मिटला.

निवृत्त_मास्तर

पहिलं अर्धं बरोबर, दुसऱ्या अर्ध्यात घाई झाली. मी खानापूर तालुक्यात मराठी शिकवलं, आणि कडोली, उचगाव, येळ्ळूर अशी गावोगाव साहित्य संमेलनं होतात आपल्याकडं, त्या निमित्तानं पोरांच्या कविता ढिगानं वाचल्यात. क्रियापदाचं यमक खोटं नसतं. निव्वळ प्रत्ययाचं यमक खोटं असतं.

ताई, एक करा. पोरीला आठ ओळींचे फक्त शेवटचे शब्द एकाखाली एक लिहायला सांगा: येतो, पडतो, वाहतो, बुडतो, करतो, फिरतो, जातो, ओरडतो. आता प्रत्येक शब्दातला 'तो' बोटानं झाका आणि उरलेलं मोठ्यानं वाचा. ये, पड, वाह, बुड, कर, फिर, जा, ओरड. यात कुठं काही जुळतंय? पड, बुड, ओरड यांत ड सारखा आहे, कर आणि फिर यांत र. पण पड आणि ओरड सोडले तर त्याच्या मागचा स्वर जुळत नाही, म्हणून कानाला अर्धवटच लागतं. ये आणि वाह यांचा तर एकमेकांशी काही संबंधच नाही. म्हणजे आठ ओळींत तिनं यमक जवळजवळ जुळवलेलंच नाही. 'तो' फुकट मिळाला, आणि तोच आठ वेळा आपटला.

आता दुसरी जोडी घ्या. बोलतो, डोलतो. 'तो' झाका, बोल आणि डोल उरतात. खरं यमक. करतो, भरतो, धरतो: कर, भर, धर. खरं यमक. येतो, देतो, घेतो, नेतो: 'ए' तरी सगळीकडं उरतो, चालतं. क्रियापदं असूनसुद्धा यातली एकही जोडी खोटी नाही.

घाटमाथा

गझल लिहिणारे हे लगेच ओळखतील. सुरेश भटांनी मराठीत काफियाला यमक आणि रदीफला अंत्ययमक म्हटलंय. शेवटी जसाच्या तसा परत येणारा भाग तो रदीफ, आणि त्याच्या आधी जुळायला हवा तो काफिया. पोरीच्या कवितेत 'तो' हा रदीफ झालाय आणि काफियाचा पत्ता नाही.

निवृत्त_मास्तर

बरोबर. पोरीला मात्र हे शब्द सांगू नका, बोट पुरतं.

शिवारवाट

बोट लावून बघितलं. ती स्वतःच म्हणाली, "अगं, काहीच जुळंना की." पण मास्तर, आठही ओळींत तिला 'तो'च का सुचला? ले, ली, ता, ऊन असं कितीतरी आहे की आपल्याकडं.

निवृत्त_मास्तर

विषयामुळं. 'माझी शाळा', 'माझं गाव', 'पाऊस' हे वर्णनाचे विषय. नेहमी काय होतं ते सांगायचं म्हटलं की मराठीत हटकून '-तो, -ते, -तात' येतं. पाऊस पडतो, शाळा भरते, पक्षी गातात. 'काल शिवारात काय झालं' असा विषय असता तर सगळ्या ओळी 'ला-ली'त गेल्या असत्या.

आणखी एक गोष्ट बघा, मला तीच जास्त खटकते. तिच्या कवितेत कोण कोण आहे? ढग, पाऊस, ओढा, पूल, आप्पा, बैल, सर. सगळे पुल्लिंगी, सगळे एकवचनी. आई कुठाय?

शिवारवाट

अगं बाई. खरंच नाही! आणि लावणीला चिखलात सगळ्यात जास्त वेळ मीच असतो.

निवृत्त_मास्तर

कारण आई 'लावते'. 'ते' आलं की 'तो'ची माळ तुटते. नदी वाहते, वीज चमकते, त्याही बाहेर. बेडूक अनेक, ते 'ओरडतात', तेही बाहेर. सरांना आदर दिला तर 'ओरडतात', म्हणून पोरीनं आदर काढला. आपलं क्रियापद लिंग आणि वचन सोबत घेऊन फिरतं. त्यामुळं एकच प्रत्यय धरून बसलं की कवितेत कोणी यायचं आणि कोणी नाही, ते प्रत्ययच ठरवतो. शिवारातली निम्मी माणसं अशी बाहेर राहतात. पोरांच्या कवितेत शेतात एकटा बापच राबताना दिसतो, त्यामागं बऱ्याचदा हेच असतं.

रताळं

हे भारी आहे. मी आता माझ्या जुन्या वह्या काढून आई शोधणार.

निपाणीची_वहिनी

माझं थोडं वेगळं, पण याच धाग्यात विचारते. आमच्या महिला मंडळात हळदीकुंकवाला विषय देऊन उखाणा घ्यायला लावतात. यंदा विषय 'लावणी'. मी केला:

लावणी आटोपली, पाय धुतले नाल्यात,
…रावांचं नाव घेते मैत्रिणींच्या घोळक्यात.

यात क्रियापद शेवटी नाहीच. 'घेते' मधे सरकवलं, नावही मधे, म्हणजे शेवट मोकळा. हीच युक्ती कवितेत चालेल ना?

निवृत्त_मास्तर

चालेल, पण वहिनी, तुमच्याही उखाण्यावर बोट ठेवतो हं, राग मानू नका. 'त' झाका. नाल्या, घोळक्या. 'या' तेवढा उरतो. उखाण्याला ठीक आहे, तिथं टाळी नावाला पडते. पण कवितेत क्रियापद आत सरकवलं की बहुतेकांचं असंच होतं. पाऊस पडतो शिवारात, बैल फिरतो चिखलात, पाणी शिरतं घरात. 'तो' गेला आणि 'त' आला. विभक्तीचे प्रत्यय आणि शब्दयोगी अव्ययंसुद्धा फुकटच मिळतात.

व्याकरण_पक्कं

मग तुकोबांचं काय? "सुंदर ते ध्यान उभे विटेवरी, कर कटावरी ठेवोनिया". विटेवरी-कटावरी. 'वरी' झाका की राहतं काय? तुमच्या बोटाखाली तुकाराम महाराजही नापास?

घाटमाथा

'विटे' आणि 'कटा' मध्ये ट राहतो की.

व्याकरण_पक्कं

पडतो-बुडतो मध्ये ड राहिला तेव्हा मास्तर 'अर्धवट' म्हणाले होते.

निवृत्त_मास्तर

पकडलंत. बोटाच्या नियमानं ते अर्धंच यमक, हे मान्य. पण त्या अभंगाची बांधणी बघा. सहा, सहा, सहा आणि चार अक्षरं. यमक दुसऱ्या आणि तिसऱ्या तुकड्यात, आणि शेवटचा चार अक्षरांचा तुकडा मोकळा. 'ठेवोनिया' हे क्रियेचं रूप तिथं, यमकाच्या बाहेर, एकटं बसलंय. पुढच्याच कडव्यात पितांबर-निरंतर, म्हणजे एक नाम आणि एक अव्यय, आणि शेवटी मोकळं 'तेंचि रूप'. एकच प्रत्यय सलग आठ वेळा येतच नाही तिथं. अर्धं यमक एकदा आलं तर कान माफ करतो. सलग आलं की कंटाळतो.

व्याकरण_पक्कं

हे पटलं असं म्हणणार नाही, पण सोडून देतो. नियम लहान पोरांना एक आणि संतांना दुसरा, असं झालं हे.

कुंदा_कमी_गोड

मी कन्नड माध्यमात शिकलो, घरी मराठी. आमच्या कन्नडच्या सरांनी जुन्या काव्यातला प्रास शिकवला होता, तो ओळीच्या शेवटी नसतोच. प्रत्येक ओळीतलं दुसरं अक्षर जुळवायचं. कन्नडमध्येही क्रियापद शेवटीच येतं, म्हणून त्यांनी ही शक्कल काढली असेल. कन्नडमध्ये शेवटचं यमक नसतंच.

घाटमाथा

शेवटचं वाक्य खोडा. अंत्यप्रास कन्नडमध्येही आहे, आजच्या गाण्यांत तर भरपूर. जुन्या काव्यात दुसऱ्या अक्षराचा प्रास लागायचा, एवढं खरं. त्यात व्यंजन तेच हवं, स्वर बदलला तरी चालतो, आणि पहिलं अक्षर एका ओळीत लघु तर सगळीकडं लघु. क्रियापद शेवटी येतं म्हणून त्यांनी तसं केलं, हा तुमचा तर्क.

मराठीत करून बघायला मजा येते. पोरीच्याच पावसावर:

गळू लागलं छप्पर
पळे वासरू गोठ्यात
मळा पाण्याखाली गेला

ळू, ळे, ळा. शेवट तिन्ही वेगळे, तरी ओळी एकमेकींना धरून आहेत.

रताळं

आमच्या घरी हे वाचून दाखवलं तर आजीनं विचारलं, "काय करूलास? गळू झालाय का कुणाला?"

शिवारवाट

😄 छान आहे, पण बाई म्हणणार यमक कुठाय. त्यांना शेवटचंच पाहिजे. मास्तर, तिनं आता नेमकं काय करायचं? सगळी पुसायची?

निवृत्त_मास्तर

पुसायची नाही. तिनं पाहिलेलं सगळं ठेवायचं. ढग, ओढा, आप्पा, बैल, भिजणं, सर. दोनच गोष्टी बदलू.

पहिली, यमक प्रत्येक ओळीला नको. अष्टाक्षरीत चार ओळींचं कडवं, त्यात दुसरी आणि चौथी जुळली की झालं. म्हणजे यमकाची शब्दसंख्या निम्मी, आणि पहिली-तिसरी ओळ हवं ते बोलायला मोकळी.

दुसरी, जोडीत एक क्रियापद असेल तर दुसरं शक्यतो क्रियापद नको. इथं एक गंमत तिला दाखवा. 'तो'ला जुळणारं नाम शोधायला सांगा. एक 'तो' सर्वनाम सोडलं तर सापडत नाही. म्हणून 'तो'मध्ये शिरलं की क्रियापदाला क्रियापदच लावावं लागतं, गल्ली पुढं बंद. 'ते'ला नाते, पाते, जाते, पोते आहेत. 'ली'ला तर बाजारच भरलाय: खाली, ओली, खोली, बोली, सावली, माऊली. 'तात'ला भात, हात, रात. 'ऊन'ला खुद्द ऊन आणि जून. पावसाच्या कवितेत जून महिना फुकट मिळतो, आणखी काय पाहिजे!

तिच्याच मालावर मी नमुना करून बघितला. तिनं हा उतरवायचा नाही, फक्त जोड कसा बसवलाय ते बघायचं.

येळ्ळूरच्या गडाहून
ढग उतरला खाली
बळ्ळारीच्या नाल्यामधे
रात्रीतच नदी आली

चिखलात आप्पा, बैल
मागे लावणीचा भात
इरल्याच्या आत आई
दिसतात फक्त हात

शाळेत मी उशिराने
दप्तराची वही ओली
सर बोलायच्या आधी
हसली सगळी खोली

खाली हे अव्यय, आली हे क्रियापद. 'ली' झाका, खा आणि आ उरतात. भात-हात ही दोन्ही नामं. ओली विशेषण, खोली नाम. तीन कडव्यांत यमकाला क्रियापद एकदाच आलंय. क्रियापदं गेली कुठंच नाहीत, 'उतरला', 'दिसतात', 'हसली' ओळीच्या आत आहेत. दुसऱ्या कडव्याच्या पहिल्या तीन ओळींत तर क्रियापदच नाही, आणि कुणाला चुकल्यासारखं वाटत नाही. मराठीत 'आहे' गाळलं तरी वाक्य उभं राहतं, त्याचा फायदा.

निपाणीची_वहिनी

'इरल्याच्या आत आई, दिसतात फक्त हात.' हे माझ्या सासूबाईंना वाचून दाखवलं. काही बोलल्या नाहीत, पण परत वाच म्हणाल्या.

सदाशिव_पेठी

'नाल्यामधे' का? 'नाल्यामध्ये' असं हवं. आणि कवितेत 'येई, जाई, वाजे, साजे' अशी रूपं वापरली तर? 'पाऊस येई, गाणे गाई'. प्रत्ययाचं वैविध्य येईल.

निवृत्त_मास्तर

'मधे' लिहिलेलं मी ठेवतो, आठ अक्षरं दोन्ही प्रकारे होतात, पण 'ध्ये' चा ठोका मला तिथं नको होता. 'येई-जाई' बद्दल सांगतो. ती रूपं जुनी आणि गोड आहेत, एखादं असलं तर शोभतं. पण आठवीतली पोर रोज 'पाऊस येई' म्हणत नाही. सगळ्या ओळी तशा केल्या की कविता तिच्या पणजोबांची वाटते. आणि 'ई'सुद्धा प्रत्ययच. येई, जाई, होई: ई झाकली की ये, जा, हो. जागा बदलली, आजार तोच.

शेणोळी_फाटा

मास्तर, मुद्दा छान, पण एक विचारतो. तुमच्या नमुन्यात "शाळेत मी उशिराने" याला क्रियापदच नाही. म्हणजे 'जातो' की 'जाते' हा वाद तुम्ही सोडवला नाही, गाळला. पोरीनं 'मी पण भिजत जातो' लिहिलंय, ते तिच्या तोंडचं आहे. मला तर अख्ख्या कवितेत तीच ओळ आवडली.

निवृत्त_मास्तर

गाळला, खरं आहे. शाळेत गुण पाहिजेत तर 'जाते', आणि संमेलनात वाचणार असेल तर 'जातो', असं मी आजवर सांगत आलोय. मनापासून विचाराल तर शिवारावरच्या कवितेत शिवाराचीच बोली असावी.

सदाशिव_पेठी

प्रमाणभाषा शिकवायची नाही का मग?

शेणोळी_फाटा

निबंधात शिकवा. कवितेत पोरगी काय बोलते ते तरी ऐका.

व्याकरण_पक्कं

एकदा सूट दिली की उद्या 'आप्पा करतंय', 'बैल फिरूलाय' येईल.

रताळं

येऊ दे की! 'फिरूलाय'ला यमक शोधा म्हणावं. तिथं कोणाला फुकट काही मिळणार नाही.

निवृत्त_मास्तर

हा वाद इथं मिटायचा नाही, आणि पोरीची मुदत आहे. ताई, कधीपर्यंत द्यायचीय?

शिवारवाट

सोमवारी. तिनं दोन कडवी केलीत, तिसऱ्याला अडलीय. नमुन्यातलं काही घेतलं नाही म्हणते, भात-हात तेवढं घेतलंय, ते सोडवेना तिला. हे तिचं:






पाय रुतले चिखली
बैल शिंगानं हलवी
आप्पा म्हणतात, हो रे
आई म्हणते, पालवी

मी विचारलं 'पालवी' का म्हणते आई? तर म्हणे, "हलवीला पालवीच सापडलं."

निवृत्त_मास्तर

हे मात्र दुसरं टोक. आधी प्रत्यय ओढत होता, आता यमक ओढतंय. आई काय म्हणते ते आधी ठरवायला सांगा. चिखलात उभी असलेली बाई खरंच काय म्हणते?

शिवारवाट

"पाठ मोडली."

निवृत्त_मास्तर

मग तेच लिहायचं. 'मोडली'ला जोड शोधायचा. सोडली आणि जोडली ही क्रियापदं, पण 'ली' झाकली तरी मोड, सोड, जोड उरतात. बैल सोडला तर 'ला', जोडी सोडली तर 'ली'. औताची जोडी असतेच की.

शिवारवाट

"आप्पांनीच जोडी सोडली, आई म्हणे, पाठ मोडली." अक्षरं मोजूलीय ती. नऊ होतात म्हणते दोन्हीकडं.

घाटमाथा

'आप्पांनीच' चं 'मग' करा. मग जोडी सोडली, सातच झाली. 'मग बैलजोडी सोडली' नऊ. 'आप्पा' काढून 'सांजे जोडी सोडली' सात. 'सांजेला जोडी सोडली' आठ!

शिवारवाट

आणि "आई म्हणे"?

रताळं

'आईची पाठ मोडली.' आ-ई-ची-पा-ठ-मो-ड-ली. आठ.

शिवारवाट

घेतली. आता शेवटचं कडवं राहिलंय. 'जातो' ठेवणारच म्हणते, पण ओळीच्या मधे. बाईंनी परत लाल रेघ मारली तर इथंच येऊन सांगतो.